रात्री दहा ते सकाळी सहा : वजा सोळा तास

भोसरी एमआयडीसीतलं एक मशिन शॉप. पहिली पाळी सकाळी ६ ते दुपारी २, दुसरी २ ते रात्री १०, तिसरी रात्री १० ते सकाळी ६. पहिल्या दोन पाळ्यांच्या तासांवरून तिथे कधी कुणाचं वाजलेलं मी पाहिलं नाही. तिसरीवरून मात्र टाइम ऑफिसचे काका आणि अकाउंट्सच्या मॅडम यांचं दर महिन्याला जुंपतं. काकांनी आधी कागदी मस्टर सांभाळलं, मग एक्सेल स्वतःच्या हिमतीवर शिकले. मॅडम पगारपत्रक काढतात आणि सही त्यांची असते. पीएफच्या कागदांसाठी माझं तिथे येणं-जाणं असल्याने हा वाद मी चहासोबत ऐकत आलो आहे. खाली दिलाय तो त्यातला कामाचा भाग. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी मी मुद्दाम बाजूला ठेवली आहे. ती शेवटी सरळ वजा होते, तिच्यावरून वाद नाही.

मॅडम : काका, तिसऱ्या पाळीच्या रकान्यात हे MOD कशाला घातलंय? जाण्याच्या वेळेतून येण्याची वेळ वजा केली की तास निघतात ना?

काका : करून बघा. B2 मध्ये येण्याची वेळ २२:००, C2 मध्ये जाण्याची ६:००. आता C2-B2 करा.

मॅडम : नुसतेच ##### आले.

काका : आणि आपली पोरं काय करतात? रकाना रुंद करतात. रुंद केला की आणखी चार ##### वाढतात.

रकान्याच्या रुंदीचा इथे काही संबंध नाही. एक्सेलच्या लेखी पूर्ण दिवस म्हणजे १, आणि वेळ म्हणजे त्या एकाचा अपूर्णांक. सकाळचे ६ म्हणजे पाव दिवस, ०.२५. रात्रीचे १० म्हणजे ०.९१६७. पावातून ०.९१६७ गेले की उरतात उणे ०.६६६७, म्हणजे वजा सोळा तास. नेहमीच्या तारीख-पद्धतीत एक्सेलला उणे वेळ दाखवता येत नाही, म्हणून ते ##### उमटवतं. आकडा आत असतो, फक्त दाखवता येत नाही. कुणीतरी काकांना सांगितलं होतं की सेटिंगमध्ये १९०४ची तारीख-पद्धत निवडा, ##### जातील. जातात खरे, पण त्यांच्या जागी -१६:०० येतं, जे तितकंच चूक आहे. आणि त्या फाइलीतल्या आधीच्या सगळ्या तारखा १,४६२ दिवसांनी पुढे सरकतात.

काका : म्हणून मी एकच सूत्र ठेवलंय.

```
=MOD(C2-B2,1)
```

MOD म्हणजे भागाकाराची बाकी. एक्सेल बाकीला भाजकाचं चिन्ह देतं. भाजक १, म्हणजे धन. त्यामुळे उणे ०.६६६७ ची बाकी येते ०.३३३३, म्हणजे बरोब्बर आठ तास. दिवसपाळीला हेच सूत्र लावा, उत्तर बदलत नाही. तिन्ही पाळ्यांना एकच सूत्र, वर-खाली ओढलं की काम झालं.

मॅडम : मी आधी होते तिथे IF लावायचे. जाण्याची वेळ लहान असेल तर त्यात १ मिळवायचा.

काका : त्याचंही उत्तर हेच येतं. MOD लिहायला छोटं, एवढंच.

इथपर्यंत दोघांचं एकमत. पुढे बेरजेवरही ते फारसे भांडले नाहीत, पण तो भाग सांगायलाच हवा, कारण त्यात एक गंमत आहे. तिसऱ्या पाळीतल्या एका ऑपरेटरचा आठवडा काकांनी पडद्यावर काढला होता.

सोमवार : २१:५५ ते ६:०५, ८ तास १० मिनिटं
मंगळवार : २२:०२ ते ६:००, ७ तास ५८ मिनिटं
बुधवार : २१:५८ ते ८:१०, १० तास १२ मिनिटं
गुरुवार : २२:०० ते ६:०४, ८ तास ४ मिनिटं
शुक्रवार : २२:०५ ते ६:०५, ८ तास
शनिवार : २१:५० ते ६:००, ८ तास १० मिनिटं

मॅडम : बेरीज २:३४ दाखवतंय. सहा रात्री राबून अडीच तास?

काका : बेरीज ५० तास ३४ मिनिटंच आहे. फक्त सेलचं स्वरूप `h:mm` आहे. त्या स्वरूपात घड्याळाचं तोंड दिसतं, चोवीस झाले की पुन्हा शून्यापासून. दोन दिवसांचे ४८ तास त्यानं गिळले. स्वरूप `[h]:mm` करा, म्हणजे तास चोवीसच्या पुढेही मोजले जातील.

मॅडम : आणि मी याला ८० रुपये तासाने गुणलं तर १६८ रुपये ५६ पैसे येतात!

काका : कारण आत तास नाहीत, दिवस आहेत. २.१०६९ दिवस. आधी २४ ने गुणा, मग दराने. ४,०४५ रुपये ३३ पैसे येतील. ओटीचा जादा दर वेगळा.

गंमत ती २:३४ मध्ये आहे. आठवड्याची मर्यादा ४८ तासांची, आणि ४८ तास म्हणजे नेमके दोन दिवस. त्यामुळे चुकीच्या स्वरूपात दिसणारी बेरीज ही आठवड्याच्या ओव्हरटाइमइतकीच निघते. नवखा कारकून ‘ओटी २:३४’ असं लिहून मोकळा होईल आणि त्याचं उत्तर बरोबरही ठरेल. पुढच्या आठवड्यात त्या माणसाने एक खाडा केला आणि बेरीज ४१ तासांवर आली, की तोच सेल १७:०० दाखवेल आणि कारकून सतरा तासांचा ओटी लावून बसेल. चुकीच्या वाटेने आलेलं बरोबर उत्तर असं महागात पडतं.

खरा वाद सुरू झाला तो मॅडमनी एक प्रयोग केल्यावर. त्यांनी एका ओळीतली जाण्याची वेळ पुसली.

मॅडम : हा बघा. जाताना पंच करायला विसरला. तुमचं सूत्र म्हणतंय, दोन तास.

काका : रिकामा सेल म्हणजे शून्य. शून्य म्हणजे मध्यरात्र. दहा ते बारा, दोन तास.

मॅडम : ते कळलं. पण साध्या वजाबाकीने इथे ##### दाखवले असते. मला कळलं असतं की काहीतरी राहिलंय. MOD ने तक्रार दाबून टाकली. आता वेळ लिहिताना कुणी कोलनऐवजी टिंब दिलं तर? 22.00 असं?

काका : ...मग ते बावीस दिवस होतील.

मॅडम : आणि MOD पूर्ण दिवस टाकून देणार. बाकी काय दाखवतंय? सहा तास. शहाण्यासारखं सहा. काका, तुमच्या सूत्राचं उत्तर कसंही घाला, शून्य आणि चोवीसच्या मध्येच येणार. म्हणजे प्रत्येक चूक खरी वाटणार. गोडाऊनच्या वॉचमनचं आठवतंय ना? रात्री ८ ते सकाळी ८ ची ड्यूटी, बदली माणूस आलाच नाही, दुसऱ्या रात्री साडेआठला सुटला. साडेचोवीस तास. MOD ने किती दिले?

काका : अर्धा तास.

मॅडमचा हा मुद्दा मला पटतो. MOD हे सूत्र वेळ मोजत नाही. हजेरी चोवीस तासांपेक्षा कमीच आहे, असं ते गृहीत धरतं आणि त्या गृहीतात बसणारं उत्तर देतं. दोन वेळांवरून मध्ये एक मध्यरात्र गेली की दोन, हे कुठल्याच सूत्राला कळणं शक्य नाही. ती माहिती त्या दोन सेलमध्ये नसतेच. मॅडमचा उपाय सरळ होता : दोन्ही सेलमध्ये तारीख आणि वेळ एकत्र लिहायची. १०/०३/२०२५ २२:०० आणि ११/०३/२०२५ ०६:००. मग साधी C2-B2 पुरते, पाळी कुठलीही असो. जाण्याची तारीख चुकून तीच राहिली तर ##### येतात, एक दिवस जास्त पडली तर `[h]:mm` स्वरूपात ३२ तास येतात, आणि दोन्ही चुका लांबून दिसतात.

काका : मॅडम, तुमचं पंचिंग मशीन प्रत्येक पंचासोबत तारीख देतं, तिथे ठीक आहे. पण गोडाऊनला वही आहे. त्या वहीवरून दोन-दोन तारखा टाइप करणार कोण? आणि तारीख लिहिली म्हणजे ती तारीखच राहते असं थोडंच आहे? त्या मागच्या कॉम्प्युटरवर अमेरिकन सेटिंग आहे. १०/०३ लिहिलं की तो ३ ऑक्टोबर समजतो आणि १३/०३ लिहिलं की तेरावा महिना नाही म्हणून ते नुसतं अक्षर म्हणून ठेवतो.

मॅडम : मग तिथे #VALUE! येईल ना.

काका : येईल. ते दिसेल. १०/०३ दिसणार नाही. दिवसपाळीचं येणं-जाणं दोन्ही ऑक्टोबरचं झालं की वजाबाकी बरोबर आणि महिना गायब.

मग काकांनी आपल्या सूत्राची डागडुजी केली. वहीवरून भरायच्या रकान्यांना डेटा व्हॅलिडेशन लावून फक्त ०:०० ते २३:५९ मधली वेळच स्वीकारायची, म्हणजे टिंबवाली 22.00 आतच येत नाही. आणि सूत्र असं :

```
=IF(COUNT(B2:C2)<2,"पंच नाही",MOD(C2-B2,1))
```

COUNT फक्त आकडे मोजतं. एक सेल रिकामा असेल किंवा त्यात अक्षरं पडली असतील तर दोन भरत नाहीत, आणि ओळीत ‘पंच नाही’ असं स्पष्ट येतं. SUM त्या शब्दाला वगळून बाकीची बेरीज करतं. वॉचमनच्या साडेचोवीस तासांवर मात्र यात औषध नाही, हे काकांनीही कबूल केलं.

यानंतर आली ती वादाची सगळ्यात रंगलेली फेरी. कारखान्याची पद्धत अशी की दहाच्या आधी पंच केला तरी तास दहापासून धरायचे. काकांनी त्यासाठी येण्याची वेळ आणि २२:०० यांतली मोठी घेतली होती.

```
=MOD(C2-MAX(B2,TIME(22,0,0)),1)
```

काका : २१:५० ला आला, मोठी वेळ २२:००. २२:०५ ला आला, मोठी २२:०५. उशीर त्याच्या अंगावर, लवकर येणं त्याच्या हौसेचं.

मॅडम : आणि बस चुकली, रात्री सव्वाबाराला आला तर?

काका लगेच बोलले नाहीत. ०:१५ आणि २२:०० यांतली मोठी वेळ २२:००. म्हणजे सव्वादोन तास उशिरा आलेल्या माणसाला सूत्र पूर्ण आठ तास देतं, आणि त्याचे खरे पावणेसहा. ही चूक तक्त्यात शोधूनही सापडणार नाही, कारण तिसऱ्या पाळीत ‘आठ तास’ याहून निरुपद्रवी आकडा दुसरा नाही. सूत्रात मध्यरात्रीची काळजी घेतली होती ती जाण्याच्या वेळेपुरती; येणाराही मध्यरात्र ओलांडून येऊ शकतो, हे त्यात नव्हतं.

मॅडम : तारीख असती तर ११ तारखेचे ०:१५ हे १० तारखेच्या २२:०० पेक्षा आपोआप मोठे ठरले असते.

काका : कबूल. पण आता मला सांगा, तुमच्या तक्त्यात ही हजेरी कुठल्या तारखेला पडली?

मॅडम : येण्याच्या पंचाची तारीख. मी INT(B2) घेते, म्हणजे वेळ जाते आणि नुसती तारीख उरते.

काका : म्हणजे ११. पण पाळी १० ची होती. १० ला त्याचा खाडा लागला. ११ ला रात्री तो परत दहाला आला, की ११ ला दोन हजेऱ्या. आणि हेच ३१ मार्चच्या रात्री झालं तर? मार्चमधला एक दिवस गेला, एप्रिलमध्ये एक वाढला. पगारही दोन महिन्यांत फाटला.

आता गप्प राहण्याची पाळी मॅडमची होती. काका टेबलाच्या खणातून जुनं, कडा दुमडलेलं पुस्तक काढून बसले. तेव्हा लागू असलेला १९४८चा कारखाने कायदा. त्यातली ‘दिवस’ची व्याख्या मध्यरात्रीपासूनच्या २४ तासांची होती, म्हणजे एक्सेलसारखीच. पण तिथेच कलम ५७ होतं, खास मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीसाठी : मध्यरात्रीनंतर केलेले तास आदल्या दिवसात मोजायचे, आणि त्या कामगाराचा पुढचा दिवस त्याची पाळी संपल्यावर सुरू झाला असं धरायचं. साप्ताहिक सुट्टीचे सलग २४ तासही पाळी सुटल्यापासूनच. एक्सेल जन्मायच्या कितीतरी आधी कायद्याला हे उमगलेलं होतं. त्या हिशेबाने शनिवारी रात्री १० ला आलेला माणूस रविवारी सकाळी ६ पर्यंत शनिवारचंच काम करत असतो, आणि ते तास संपत आलेल्या आठवड्यात जातात, नव्या आठवड्यात नाहीत. वर दिलेला बुधवार बघा : १० तास १२ मिनिटं. पंचाच्या तारखेने फोडले तर बुधवारच्या वाट्याला जेमतेम दोन तास आणि बाकीचे आठ गुरुवारला. मग त्या कायद्यातल्या नऊ तासांच्या रोजच्या मर्यादेपलीकडची ती १ तास १२ मिनिटं बुधवारच्या नावावर दिसत नाहीत, आणि ओटीचा हिशेब चुकतो.

त्यातून मग तिसरा रकाना निघाला. A मध्ये पाळीची तारीख, जी सुपरवायझर ठरवतो, पंच नाही. B आणि C मध्ये तारखेसह वेळा, मशीन देतं तशा.

```
=C2-MAX(B2,A2+TIME(22,0,0))
```

सव्वाबाराला आलेला गडी : A मध्ये १० मार्च, B मध्ये ११ मार्च ०:१५, C मध्ये ११ मार्च ६:००. उत्तर ५:४५, हजेरी १० ची. २१:५० वाला : उत्तर ८:००. जाण्याचा पंच राहिला असेल तर C रिकामा, उत्तर भलंमोठं उणे, आणि ##### समोर. मॅडमना हवे होते तसे.

मॅडम : आणि तुमची गोडाऊनची वही?

काका : वहीला MOD च. पण शेजारी एक लाल रंग. बारा तासांच्या वर किंवा चारच्या खाली गेलं की ओळ लाल.

मॅडम : साडेचोवीस तासांचा अर्धा झाला तर लाल होईल. बत्तीसचे आठ झाले तर?

काका : बत्तीस तास कुणी गोडाऊनला उभा राहिला तर मला एक्सेल बघायची गरज पडणार नाही, मॅडम. त्याची बायको गेटवर आलेली असेल.

मॅडम हसल्या, पण त्यांनी वहीत ‘कितव्या दिवशी सुटला’ असा एक रकाना आखून घेतलाच. ०, १ किंवा २. तेवढा एक आकडा लिहायचा, तारीख नाही. मग सूत्रात MOD लागत नाही : जाण्याची वेळ अधिक तो आकडा, वजा येण्याची वेळ. काकांना हे आवडलं नसावं, कारण ते म्हणाले की वॉचमन तिथेही १ च लिहील, सवयीने.

एक बारीक गोष्ट मॅडमनी जाता जाता केली, तिच्यावर काकांनी वाद घातला नाही. तास ‘आठपेक्षा जास्त’ आहेत का, हे त्या थेट तपासत नाहीत. दिवसाच्या अपूर्णांकात आठ तास म्हणजे ०.३३३३... न संपणारा. त्याच्या शेवटच्या घरात कुठेतरी किंचित फरक पडतो आणि नेमके आठ तास भरलेला माणूस कधी कधी आठच्या वर गेलेला ठरतो. म्हणून त्या आधी १४४० ने गुणून, ROUND ने पूर्ण मिनिटं करून घेतात, आणि तुलना ४८० मिनिटांशी करतात.

शेवटी उरला तो मुद्दा सूत्राचा नव्हताच. त्या ऑपरेटरचा आठवडा पंचाप्रमाणे ५० तास ३४ मिनिटं होता. MAX लावल्यावर ५० तास १७ मिनिटं झाला. सोमवारची पाच, बुधवारची दोन आणि शनिवारची दहा मिनिटं गळाली.

मॅडम : ही सतरा मिनिटं कापायची हे ठरवलं कुणी?

काका : पूर्वीपासून तसंच आहे.

मॅडम : कुठे लिहिलंय?

काका : लिहिलेलं नाही. आता तुमच्या सूत्रात आहे.

मॅडम : माझ्या नाही, तुमच्या. मी फक्त तारीख घातली. उद्या तो ऑपरेटर विचारायला आला की दहा मिनिटं आधी येऊन मशीन साफ करतो, ती कुठे गेली, तर मी काय दाखवू? MAX?

काका : मग साहेबांकडून लेखी घ्या. तोवर दोन्ही रकाने ठेवू. एक पंचाप्रमाणे, एक पाळीप्रमाणे. पगार कुठल्यावर काढायचा ते वर लिहून सही करा.

मॅडम : सही तुम्हीही करायची.